उंची मोजायची, पण कोणत्या शून्यापासून?

अझरबैजानची राजधानी बाकू ही जगातील सर्वांत सखल राजधानी. भूगोलाच्या पुस्तकात तिची उंची ‘समुद्रसपाटीपासून उणे २८ मीटर’ अशी दिलेली असते. उणे २८ मीटर म्हणजे आठ-नऊ मजली इमारत पूर्ण बुडेल इतकी खोली. हा आकडा वाचून एखाद्याला वाटेल, की बाकूभोवती प्रचंड बांध असतील आणि रात्रंदिवस पंप चालत असतील. प्रत्यक्षात तसे काहीच नाही. शहर समुद्रकिनारी आहे, किनाऱ्यावर लोक फिरायला येतात आणि पाणी त्यांच्या पायांच्या खालीच राहते. कारण बाकू ज्याच्या काठावर आहे, तो कास्पियन समुद्र चारही बाजूंनी जमिनीने वेढलेला आहे. जगाच्या महासागरांशी त्याचा संबंध नाही आणि त्याची स्वतःची पातळीच महासागरांपेक्षा सुमारे २८-२९ मीटर खाली आहे. बाकू ‘समुद्रसपाटीच्या खाली’ आहे, पण तिच्या दारातल्या समुद्राच्या वर आहे.

आता दुसरे शहर पाहू. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सच्या सर्वांत सखल वस्त्या समुद्रसपाटीपेक्षा साधारण दोन ते तीन मीटर खाली आहेत. बाकूच्या तुलनेत हा आकडा किरकोळ. पण २९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना चक्रीवादळ आले, शहराभोवतीचे बांध आणि पूरभिंती अनेक ठिकाणी फुटल्या आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. वादळाने एकूण हजाराहून अधिक बळी घेतले. शहरात शिरलेले पाणी आपोआप ओसरले नाही. बशीत साचलेले पाणी जसे बशीतच राहते, तसे ते कित्येक आठवडे राहिले आणि शेवटी पंपांनी बाहेर काढावे लागले.

दोन शहरे, दोन उणे आकडे आणि दोन अगदी वेगळे अर्थ. उंचीचा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. तो कोणत्या शून्यापासून मोजला, ते शून्य कधी ठरवले आणि त्या शून्याचा दारातल्या पाण्याशी काय संबंध आहे, हे कळले तरच त्याला अर्थ येतो. ही गोष्ट वाचायला पुस्तकी वाटते. न्यू ऑर्लिन्समध्ये मात्र तिच्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे पूरभिंती ठरवल्यापेक्षा एक ते दोन फूट बुटक्या बांधल्या गेल्या, आणि हे पूर येईपर्यंत बहुतेकांच्या लक्षात आले नव्हते.

शहर खाली गेले कसे?

न्यू ऑर्लिन्स मुळात समुद्रसपाटीच्या खाली वसवलेले नव्हते. १७१८ मध्ये फ्रेंचांनी मिसिसिपी नदीच्या काठावरची उंच जागा निवडली. मोठी नदी पूर आला की काठ ओलांडते आणि सोबतचा गाळ आधी काठाजवळच टाकते. त्यामुळे काठ उंच होत जातो आणि नदीपासून दूर जावे तशी जमीन उतरत जाते. जुने फ्रेंच क्वार्टर अशा नैसर्गिक बंधाऱ्यावर उभे आहे. ते आजही समुद्रसपाटीच्या वर आहे आणि २००५ च्या पुरात त्याचा बहुतेक भाग कोरडा राहिला.

शहराच्या दक्षिणेला नदी, उत्तरेला पॉन्चरट्रेन सरोवर आणि मध्ये दलदल, अशी तेथील रचना. हे सरोवर नावाला सरोवर आहे. अरुंद वाटांनी ते मेक्सिकोच्या आखाताशी जोडलेले आहे, त्याचे पाणी मचूळ आहे आणि त्याची पातळी समुद्राबरोबर वरखाली होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभियंता बाल्डविन वुड यांनी प्रचंड क्षमतेचे पंप तयार केले. त्यांच्या जोरावर मधली दलदल उपसून कोरडी केली गेली आणि तेथे घरे उभी राहिली.

दलदलीची ती जमीन म्हणजे निम्मे पाणी आणि निम्मा कुजट पालापाचोळा. पाणी काढून घेतले तशी ती स्पंज पिळल्यासारखी आकसली. जो सेंद्रिय भाग शतकानुशतके पाण्याखाली राहिल्यामुळे टिकला होता, त्याला हवा लागली आणि तो कुजून कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने अक्षरशः हवेत गेला. त्यात नदीला दोन्ही बाजूंनी बांध घातल्यामुळे दरवर्षी येणारा ताजा गाळही थांबला. जमीन खचत राहिली आणि तिची भरपाई मात्र होईना. खोल खांबांवर उभी असलेली घरे जागच्या जागी राहिली आणि त्यांच्या भोवतीचे अंगण खाली गेले, असे दृश्य तेथे अनेक वस्त्यांत दिसते. आज शहराची साधारण निम्मी वस्ती समुद्रसपाटीच्या वर आहे आणि निम्मी खाली. म्हणजे ‘समुद्रसपाटीखालचे शहर’ हे वर्णन अर्धेच खरे आहे. पण त्या खालच्या अर्ध्यासाठी बांधांची उंची हाच जगण्याचा आधार आहे.

‘समुद्रसपाटी’ सापडते कशी?

समुद्र कधीच सपाट नसतो. भरती-ओहोटी, लाटा, वारा, ऋतू यांनी त्याची पातळी सतत बदलते. म्हणून किनाऱ्यावर भरतीमापक यंत्र बसवतात. एका विहिरीसारख्या नळकांड्यात समुद्राचे पाणी बारीक छिद्रातून येऊ देतात, त्यामुळे लाटांची खळबळ बाहेर राहते आणि आतल्या पाण्याची पातळी शांतपणे मोजता येते. दर तासाची नोंद घेऊन तिची सरासरी काढली की मिळते ती ‘सरासरी समुद्रपातळी’.

ही सरासरी किती काळाची असावी? एका वर्षाची पुरत नाही. चंद्राच्या कक्षेची पातळी हळूहळू फिरते आणि तिचे एक आवर्तन १८.६ वर्षांत पूर्ण होते. त्याचा परिणाम भरतीच्या उंचीवर होतो. म्हणून अमेरिकेत सलग १९ वर्षांच्या नोंदींची सरासरी घेण्याची पद्धत आहे. १९८३ ते २००१ हा असा एक प्रमाण कालखंड. पण लुइझियानाच्या किनाऱ्यावर एक अडचण आहे. तेथे ग्रँड आयल येथील भरतीमापकावर पाणी दरवर्षी सुमारे ९ मिलिमीटरने वर चढताना दिसते. त्यात काही वाटा समुद्र वाढण्याचा आहे आणि मोठा वाटा खुद्द जमीन खचण्याचा. मुंबईत अपोलो बंदरच्या दीर्घकालीन नोंदींत हाच दर वर्षाला एक मिलिमीटरपेक्षाही कमी दिसतो, यावरून फरक लक्षात यावा. इतक्या वेगाने सगळे हलत असताना १९ वर्षांची सरासरी हातात येईपर्यंत शिळी झालेली असते. म्हणून अशा ठिकाणी फक्त पाच वर्षांची सरासरी वापरतात.

यातून पहिली गोष्ट स्पष्ट होते. सरासरी समुद्रपातळी ही एका ठिकाणची आणि एका कालखंडाची असते. ‘जगाची समुद्रसपाटी’ नावाची एकच रेषा कोठे आखून ठेवलेली नाही.

शून्य जमिनीवर कसे येते?

समुद्रावर सापडलेले शून्य शहरात आणावे लागते. त्यासाठी भरतीमापकाजवळच्या एखाद्या पक्क्या खुणेची, म्हणजे बेंचमार्कची, उंची ठरवतात. तेथून लेव्हल नावाच्या दुर्बिणीने समोरच्या उभ्या पट्टीवर नेम धरत, टप्प्याटप्प्याने पुढच्या बेंचमार्कपर्यंत जातात. अशा हजारो किलोमीटरच्या साखळ्या देशभर विणल्या जातात. भारतात सर्वेक्षण खात्याने हे काम १८५८ ते १९०९ या काळात केले आणि मुंबई, कारवार, कोचीन, मद्रास यांसह नऊ बंदरांमधील सरासरी समुद्रपातळी शून्य धरून देशाचे जाळे बांधले. रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली ‘समुद्रसपाटीपासून उंची’ लिहिलेली असते, ती अशाच साखळीतून आलेली आहे. त्या गावातून समुद्र दिसत नाही, पण बेंचमार्कच्या खुणा मोजत मोजत तो तेथवर पोहोचलेला असतो.

अमेरिकेने असे राष्ट्रीय जाळे १९२९ मध्ये पक्के केले. अमेरिका आणि कॅनडा मिळून २६ भरतीमापकांवरची सरासरी पातळी शून्य मानली गेली. या व्यवस्थेला नाव दिले ‘१९२९ ची समुद्रपातळी’. येथेच पुढच्या गोंधळाचे बीज पडले.

झाले असे, की खरा समुद्र या २६ ठिकाणी एका पातळीत नसतो. प्रवाह, पाण्याचे तापमान, क्षार, वारा यांमुळे एका किनाऱ्यावरची सरासरी दुसऱ्या किनाऱ्यापेक्षा काही सेंटिमीटर ते अर्धा मीटरपर्यंत वरखाली असू शकते. तरी सर्व ठिकाणी शून्यच धरल्यामुळे ही तफावत जाळ्यात कोठे ना कोठे मुरली. जे बंदर त्या २६ मध्ये नव्हते, तेथे १९२९ चे शून्य आणि तेथील पाण्याची खरी सरासरी जुळेलच अशी खात्री नव्हती. शिवाय १९२९ नंतर समुद्र वाढत गेला, पण शून्य तेथेच राहिले. हे ध्यानात घेऊन १९७३ मध्ये या व्यवस्थेचे नाव बदलण्यात आले. त्यातून ‘समुद्रपातळी’ हा शब्द काढला गेला आणि तिला ‘१९२९ चा राष्ट्रीय उभा संदर्भ’ अशा अर्थाचे कोरडे नाव मिळाले. हे शून्य म्हणजे समुद्र नव्हे, हे अभियंत्यांच्या लक्षात राहावे हाच त्यामागचा हेतू. नाव बदलले, पण सवय बदलली नाही.

दीड फूट गेला कोठे?

१९६५ च्या सप्टेंबरमध्ये बेट्सी चक्रीवादळाने न्यू ऑर्लिन्सला पुरात बुडवले. त्याच वर्षी अमेरिकी संसदेने सरोवर आणि परिसरासाठी वादळापासून संरक्षणाची योजना मंजूर केली. बांधकाम लष्कराच्या अभियांत्रिकी विभागाकडे होते. वादळात पाणी किती चढेल याचा हिशेब साहजिकच सरोवराच्या सरासरी पातळीपासून केला गेला. म्हणजे भिंतीची उंचीही त्याच पातळीपासून मोजायला हवी होती. प्रत्यक्ष बांधकामावर मात्र उंची घेतली गेली जवळच्या बेंचमार्कवरून आणि बेंचमार्कची उंची होती १९२९ च्या शून्यापासूनची. दोन्ही शून्ये एकच आहेत, असे गृहीत धरले गेले.

यात नेमके काय चुकते, ते एका साध्या हिशेबाने समजून घेऊ. यातील आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. समजा, भिंत सरोवराच्या सरासरी पातळीपेक्षा १४ फूट उंच हवी आहे. जवळच्या बेंचमार्कची नोंदवहीतील उंची ६ फूट आहे. अभियंता त्यावर आणखी ८ फूट मोजतो आणि भिंतीचा माथा १४ फुटांवर आला असे समाधानाने लिहितो.

पण बेंचमार्कची ती उंची बऱ्याच वर्षांपूर्वी मोजलेली. तो ज्या जमिनीत रोवला आहे ती दरम्यान ०.८ फूट खचली. बेंचमार्क आता ६ फुटांवर नसून ५.२ फुटांवर आहे. म्हणजे भिंतीचा माथा १९२९ च्या शून्यापासून १४ नव्हे, १३.२ फुटांवर आला. एवढ्यावर थांबत नाही. सरोवराची आजची सरासरी पातळीही १९२९ च्या शून्यापेक्षा, समजा, ०.७ फूट वर आहे. त्यामुळे पाण्यापासून मोजले तर भिंत १२.५ फूटच भरते. दीड फूट हरवला. गंमत म्हणजे दुर्बीण बरोबर होती, पट्टी बरोबर होती, बेरीजही बरोबर होती. चुकले ते फक्त सुरुवातीचे शून्य.

बेंचमार्क खचतात हे तेथील मोजणी करणाऱ्यांना माहीत नव्हते असे नाही. राष्ट्रीय मोजणी संस्था ठरावीक वर्षांनी त्या भागात पुन्हा मोजणी करून नव्या, कमी झालेल्या उंची जाहीर करत असे. त्यामुळे एकाच बेंचमार्कला निरनिराळ्या वर्षांच्या निरनिराळ्या उंची मिळाल्या. काम मात्र दशकानुदशके चालले होते. काही भिंती जुन्या आकड्यांवर बांधून झाल्या होत्या. नवे आकडे स्वीकारले तर झालेले सगळे काम बुटके ठरणार आणि त्यावर पुन्हा खर्च करावा लागणार. १९८५ मध्ये स्थानिक कार्यालयाने सुरू असलेल्या कामांसाठी १९६४ चेच आकडे पुढे चालू ठेवायचे ठरवले. कागदावर सगळे एकमेकांशी जुळत राहिले. जमीन तेवढी जुळायला तयार नव्हती.

१९९१ मध्ये अमेरिकेने नवे राष्ट्रीय जाळे जाहीर केले. त्यात २६ भरतीमापकांचा नाद सोडून कॅनडातील क्वेबेक प्रांतातल्या रिमुस्की या एकाच ठिकाणच्या खुणेवर सगळे टांगले गेले. त्यामुळे जाळ्यात तफावत मुरण्याचा दोष गेला. पण न्यू ऑर्लिन्सच्या दृष्टीने एक गोष्ट आणखी ठळक झाली. हे शून्य तर हजारो किलोमीटर दूरच्या नदीमुखावरचे. त्याचा पॉन्चरट्रेन सरोवराच्या पाण्याशी काय संबंध आहे, हे दर वेळी वेगळे मोजूनच ठरवायला हवे.

२००५ मध्ये काय दिसले?

कतरिनानंतर अनेक संस्थांच्या तज्ज्ञांचे संयुक्त चौकशी पथक नेमले गेले. त्यांच्यापुढे पहिला प्रश्न अगदी बाळबोध होता. वादळाच्या दिवशी कोणती भिंत नेमकी किती उंच होती? उत्तर कोणत्याही नकाशावर विश्वासाने देता येईना, कारण प्रत्येक नकाशावर वेगळ्या वर्षाचे शून्य होते. शेवटी राष्ट्रीय मोजणी संस्थेच्या मदतीने उपग्रह आणि लेव्हल वापरून सगळ्या भागाची नव्याने मोजणी केली गेली. नव्या उंचीसोबत तारीखही जोडली गेली. ‘२००४.६५’ अशी ती तारीख म्हणजे २००४ च्या ऑगस्टअखेरचा सुमार. खचणाऱ्या जमिनीवर उंची ही दुधाच्या पिशवीसारखी असते, तारीख पाहिल्याशिवाय वापरू नये, हे त्यातून मान्य झाले.

मग तीच उंची सरोवराच्या सरासरी पातळीशी जोडून पाहिली. शून्यांच्या गल्लतीमुळे काही भिंती मूळ इराद्यापेक्षा एक ते दोन फूट कमी उंचीच्या बांधल्या गेल्या होत्या, असे त्यातून दिसले. ज्या भिंती बांधताना ठीक होत्या, त्यांतील काही नंतर जमिनीबरोबर खचल्या होत्या. शहराच्या पूर्व भागातून जाणाऱ्या औद्योगिक कालव्यावरच्या भिंती १५ फूट हव्या होत्या. प्रत्यक्षात त्या दोन फुटांहून अधिक कमी भरल्या आणि त्याचे मुख्य कारण खचणे हे होते. वादळाच्या दिवशी त्या कालव्यात पाणी साधारण १४ फुटांवर चढले होते. म्हणजे ठरल्याप्रमाणे उंची असती, तर संथ पाणी काठाच्या आत राहिले असते. ते काठावरून ओसंडले, पलीकडे पडताना भिंतीच्या पायाची माती त्याने खरवडून काढली आणि आधार गेलेली भिंत अनेक ठिकाणी कलंडली. नुसते ओसंडलेले पाणी काही तासांत थांबते आणि पंपांना आवरता येते. भिंतच गेली की सरोवर आणि शहर यांची पातळी एक होईपर्यंत पाणी येत राहते. तेथे तेच झाले.

अर्थात सगळा दोष शून्याच्या माथी मारणे चुकीचे ठरेल. सतरावा स्ट्रीट कालव्याची भिंत फुटली तेव्हा पाणी तिच्या काठाच्या बऱ्याच खाली होते. तेथे पायाखालची मऊ माती सरकली आणि भिंत पाण्याने ढकलली गेली. ती दोन फूट उंच असती तरी वाचली नसती. उंचीची चूक आणि पायाची चूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण दोन्हींत एक साम्य होते. आपल्या हातात किती सुरक्षितता शिल्लक आहे, याचा कागदावरचा आकडा खऱ्या आकड्यापेक्षा मोठा होता.

चूक पकडायची कशी?

हा दोष शोधायची रीत अवघड नाही. बेंचमार्कपासून थेट जवळच्या पाण्याच्या मापकापर्यंत लेव्हल चालवायची आणि पाहायचे, की त्या मापकावर पाण्याची गेल्या काही वर्षांची सरासरी नोंदवहीच्या हिशेबाने किती येते. ती शून्याच्या जवळ आली तर ठीक. अर्धा-पाऊण फूट आली, तर तेवढी रक्कम प्रत्येक भिंतीच्या उंचीतून वजा करायची. दुसरी तपासणी खचण्याची. बेंचमार्क खचला की नाही हे शेजारच्या बेंचमार्कवरून कळत नाही, कारण दोघे एकत्रच खचतात आणि त्यांच्यातला फरक तसाच राहतो. दोघांना बाहेरून, न खचणाऱ्या जागेवरून पाहावे लागते. त्यासाठी आता लुइझियानात कायमस्वरूपी जीपीएस केंद्रांचे जाळे आहे. ती रात्रंदिवस आपली उंची नोंदवतात आणि वर्षाला काही मिलिमीटरचे खचणेही पकडतात.

कतरिनानंतर लष्कराच्या अभियांत्रिकी विभागाने आपल्या सर्व पूर-योजनांसाठी नियम बदलले. प्रत्येक उंची राष्ट्रीय जाळ्याशी आणि स्थानिक पाण्याच्या पातळीशी अशी दोन्हीकडे बांधलेली हवी आणि त्या दोघांमधला फरक लिहून ठेवलेला हवा. नवे बांध उभारताना पुढे जमीन किती खचेल आणि पाणी किती वाढेल, याची भरही आधीच धरली जाते. तरीही बांध खचतच राहतात आणि ठरावीक काळाने त्यांच्यावर माती चढवावीच लागते.

नेदरलँड्सची कथा याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. तेथे रोटरडॅमजवळचा सर्वांत सखल भाग उणे ६.७६ मीटरवर आहे आणि हा आकडा देताना त्यापुढे ‘एनएपी’ ही तीन अक्षरे हमखास लिहितात. त्यांचा अर्थ ‘अॅमस्टरडॅमची प्रमाण पातळी’. १६८४ मध्ये त्या शहराच्या जलद्वारांमध्ये आठ संगमरवरी शिळा बसवून बांधांची उंची कोरून ठेवली होती. आजचे शून्य त्याच परंपरेतून आलेले आहे आणि अॅमस्टरडॅमच्या नगरपालिकेच्या इमारतीत पितळी खुणेच्या रूपात ते कोणालाही पाहता येते. डच लोक आपल्या शून्याला समुद्र म्हणत नाहीत. त्याला त्याच्या नावाने हाक मारतात. ते उत्तर समुद्राच्या सरासरीच्या जवळपास आहे, एवढेच.

आपल्याकडचे तीन शून्य

हा प्रश्न दूरदेशीचाच आहे असे नाही. मुंबईत एकाच रस्त्याची उंची तीन तऱ्हांनी सांगता येते. सर्वेक्षण खात्याच्या नकाशावर ती सरासरी समुद्रपातळीपासून असते. महापालिकेच्या गटारांच्या आणि बांधकामाच्या कागदांत ‘टाऊन हॉल डेटम’ किंवा टीएचडी हे शून्य वापरले जाते. ते मुद्दाम बरेच खाली धरलेले आहे, म्हणजे जमिनीखालच्या गटाराची उंचीही उणे लिहावी लागत नाही. मुंबईच्या बांधकाम नियमावलीत सखल जागेवर ९२ टीएचडीपर्यंत भराव घालण्याची जी अट येत असे, तिचा अर्थ जागा समुद्रापेक्षा ९२ फूट उंच करा असा नव्हे. समुद्रापेक्षा ती थोड्याच फुटांनी वर असते. बंदराच्या नकाशांत तिसरेच शून्य असते, ओहोटीच्या नीचतम पातळीजवळचे. मुंबईच्या भरतीच्या वेळापत्रकात साडेचार मीटरची भरती लिहिलेली असते ती या तिसऱ्या शून्यापासून. भरतीचा तो आकडा आणि नकाशातली रस्त्याची उंची यांची थेट तुलना केली, तर समुद्र आहे त्यापेक्षा दोन-अडीच मीटर जास्त चढलेला वाटतो.

उपग्रहांमुळे यात चौथ्या शून्याची भर पडली आहे. जीपीएस यंत्र आतल्या हिशेबात पृथ्वी एक गुळगुळीत, किंचित चपटा गोल आहे असे धरते. खरा समुद्र त्या गोलाशी जुळत नाही, गुरुत्वाकर्षण जेथे कमी तेथे तो खाली बसतो. भारताच्या दक्षिणेकडील हिंदी महासागरात तो या गोलापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली आहे, जगात सर्वांत जास्त. मुंबईच्या किनाऱ्यावरही हा फरक साठ मीटरांहून अधिक भरतो. म्हणून गेटवे ऑफ इंडियापाशी जीपीएसचा कच्चा आकडा घेतला, तर उंची उणे साठच्या पुढे दिसते आणि मुंबई बाकूच्या दुपटीने खाली गेल्यासारखी वाटते. मोबाइलमध्ये बहुधा हा फरक आधीच सुधारून दाखवतात. पण मोजणीच्या कच्च्या नोंदी हाताळणाऱ्याने ती सुधारणा केली आहे की नाही, हे विचारावेच लागते.

त्यामुळे एखादे शहर, एखादी सोसायटी किंवा एखादा बांध ‘समुद्रसपाटीपासून इतका’ असे वाचले, तर तीन प्रश्न पुरतात. शून्य कोणते? मोजणी कोणत्या वर्षाची? आणि शेजारच्या पाण्याची आजची सरासरी त्याच शून्यापासून किती? पहिल्या प्रश्नाचे उत्तर न मिळाल्यास बाकू बुडालेले दिसते. दुसऱ्याचे आणि तिसऱ्याचे न मिळाल्यास न्यू ऑर्लिन्सची १२ फुटांची भिंत कागदावर १५ फुटांची राहते.